कलम 138 च्या मुदती लक्षात ठेवताना

जेएआयआयबी या बँकिंग परीक्षेच्या अभ्यासात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातील चेक न वटल्याच्या तीन मुदतींची हमखास गल्लत होते: बँकेकडून माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे, आणि तेही न दिल्यास त्यानंतर एका महिन्यात तक्रार. या तिन्हींची स्वतंत्र कार्डे करावीत आणि कार्ड उलटण्यापूर्वी उत्तर कागदावर लिहावे, कारण मनातल्या मनात दिलेले अर्धवट उत्तरही बरोबर वाटते. उजळणी साधारण 1, 3, 7 आणि 16 दिवसांच्या अंतराने करावी. चुकलेले कार्ड मात्र दुसऱ्याच दिवशी पुन्हा घ्यावे. कार्ड पाहताक्षणी आकडा सुचू लागला, तर बहुधा कार्डच पाठ झालेले असते; अशा वेळी प्रश्न बदलावा: माहिती 4 मार्चला मिळाली, तर नोटिशीची शेवटची तारीख कोणती? (3 एप्रिल.)