मार्चमधला नळाच्या पाण्याचा वास: प्लेनो-फ्रिस्कोला नवीन आलेल्यांसाठी

जानेवारी-फेब्रुवारीत इथे घर लावलेल्या मंडळींचे मार्चमध्ये हमखास फोन येतात. नळ सोडला की ब्लीचचा वास येतो, शॉवरमध्ये तर डोळे चुरचुरतात, बाळाला हे पाणी द्यायचं का, आणि उकळलं तर जाईल ना? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मार्चमध्ये वेगळं आणि मेमध्ये वेगळं असतं. म्हणून आधी या भागातल्या पाण्यात नेमकं काय घालतात, ते सांगतो.

प्लेनो, फ्रिस्को, मकिनी, ॲलन, रिचर्डसन या शहरांना पाणी पुरवणारी संस्था एकच आहे, नॉर्थ टेक्सस म्युनिसिपल वॉटर डिस्ट्रिक्ट. तिचं मुख्य शुद्धीकरण केंद्र वायलीला, लॅव्हन तलावाजवळ आहे. तिथून निघालेलं पाणी तुमच्या अपार्टमेंटच्या नळापर्यंत यायला मैलोन् मैल पाइपांतून फिरतं. वाटेत त्यात जंतू वाढू नयेत म्हणून थोडं जंतुनाशक शेवटच्या घरापर्यंत शिल्लक राहील, अशा बेताने घालावं लागतं. टेक्ससमध्ये तसा नियमच आहे. म्हणजे पाण्याला थोडा वास असणं हे ते जंतुनाशक तुमच्यापर्यंत टिकून आल्याचं लक्षण आहे.

वर्षातले जवळपास अकरा महिने हे जंतुनाशक साधं क्लोरीन नसतं. क्लोरीनमध्ये थोडा अमोनिया मिसळून क्लोरामाइन तयार करतात आणि ते पाण्यात ठेवतात. क्लोरामाइन जंतू मारायला क्लोरीनपेक्षा मंद असतं, पण टिकाऊ असतं, त्यामुळे लांबच्या पाइपांत आणि टेक्ससच्या उन्हाळ्यात ते पुरतं. शिवाय पाण्यातल्या सेंद्रिय अंशाशी क्लोरीनची क्रिया होऊन जे नको असलेले पदार्थ तयार होतात, त्यांतले ट्रायहॅलोमिथेन क्लोरामाइनमुळे बरेच कमी होतात. आणि त्याचा वास सौम्य असतो. आपल्याला त्याची सवय होते आणि पाण्याला काही वास आहे हे आपण विसरतो.

पण पाइपांच्या आत अमोनियावर जगणारे काही जीवाणू असतात. ते माणसाला आजारी पाडत नाहीत, मात्र हळूहळू क्लोरामाइन संपवतात. त्यांची वाढ मोडून काढण्यासाठी दर वसंतात, साधारण मार्चमध्ये, सुमारे चार आठवडे अमोनिया घालणं थांबवतात आणि पाण्यात फक्त मोकळं क्लोरीन ठेवतात. याच दिवसांत रस्त्याकडेचे हायड्रंट उघडून पाणी सोडलेलं दिसतं. पाण्याची नासाडी चालली आहे असं वाटतं खरं, पण पाइप धुऊन नवं पाणी पुढे ढकलण्यासाठी ते करतात. मोकळ्या क्लोरीनचा वास क्लोरामाइनपेक्षा चटकन जाणवतो. त्यात बदलाच्या सुरुवातीला पाइपातलं जुनं क्लोरामाइन आणि नवं क्लोरीन एकमेकांत मिसळतात, तेव्हा स्विमिंग पूलसारखा उग्र वास येणारी संयुगं काही काळ तयार होतात. म्हणून पहिला आठवडा सगळ्यात जाचक वाटतो. 2018 च्या मार्चमध्ये या वासावरून प्लेनो परिसरात मोठी ओरड झाली होती आणि पर्यावरण कार्यकर्त्या एरिन ब्रोकोविच यांनी जाहीरपणे हा विषय लावून धरला होता. शहराच्या वेबसाइटवर दरवर्षी या बदलाच्या तारखा आधीच जाहीर होतात. फेब्रुवारीच्या शेवटी तेवढं बघून ठेवा.

मर्यादा किती, हे विचारणं साहजिक आहे. अमेरिकेत क्लोरीन असो वा क्लोरामाइन, पाण्यात वर्षाच्या सरासरीने लिटरला 4 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माणसाच्या नाकाला त्याहून पुष्कळ कमी प्रमाणही कळतं. त्यामुळे वास आला याचा अर्थ मर्यादा ओलांडली असा लगेच काढू नका.

आता उकळण्याकडे येऊ. मार्चमध्ये पाण्यात मोकळं क्लोरीन असताना उकळणं चांगलं काम करतं. रुंद तोंडाच्या पातेल्यात, झाकण न ठेवता, पाण्याला खळखळून उकळी आल्यावर आणखी दहा मिनिटं ठेवलं की क्लोरीन आणि वास दोन्ही जवळजवळ जातात. इलेक्ट्रिक केटल मात्र उकळी आली की लगेच बंद होते, म्हणून तिच्यात वास कमी होतो पण पुरता जात नाही. तापताना सुरुवातीला वास उलट वाढल्यासारखा वाटेल, कारण पाण्यातलं क्लोरीन वाफेबरोबर बाहेर पडत असतं. तेव्हा शेगडीवरचा एक्झॉस्ट चालू ठेवा. न उकळताही काम होतं: पातेलं उघडं ठेवून वर पातळ फडकं टाका आणि रात्रभर राहू द्या, सकाळपर्यंत वास बराच उतरलेला असतो.

एप्रिलपासून हा उपाय लंगडा पडतो. क्लोरामाइन सहजी उडून जात नाही. दहा मिनिटं उकळलं तरी त्यातलं बरंच शिल्लक राहतं. अर्धा तास उकळल्यावर पुष्कळ कमी होईल, पण तोवर पातेल्यातलं पाणीही आटलेलं असतं. पाणी आटलं की त्यातले क्षार, नायट्रेट, आणि जुन्या पाइपातून शिसं आलं असेल तर तेही, उरलेल्या पाण्यात दाट होतात, कारण यांतलं काहीच वाफेबरोबर जात नाही. म्हणून क्लोरामाइन घालवण्यासाठी रोज तासन् तास पाणी आटवत बसू नका, असं मी आवर्जून सांगतो. रात्रभर उघडं ठेवण्याचाही इथे उपयोग नाही, क्लोरामाइन तसंच कित्येक दिवस टिकतं. फसगत होते ती अशी की क्लोरामाइनचा वास मुळातच मंद असतो, त्यामुळे उकळून गार केलेल्या पाण्याला वास आला नाही की सगळं गेलं असं वाटतं. नाकावर विसंबून इथे काही ठरवता येत नाही.

पाण्यात काय आहे हे ओळखायला स्विमिंग पूलसाठी मिळणाऱ्या चाचणीच्या पट्ट्या पुरतात, कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकल्यावर नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे म्हणतो; हे त्याच जातीचं काम आहे. पट्टी घेताना एक बघा, तिच्यावर मोकळ्या क्लोरीनचा चौकोन आणि एकूण क्लोरीनचा, म्हणजे क्लोरामाइन धरून सगळ्याचा, चौकोन असे दोन्ही हवेत. पाकिटावर ते Free Chlorine आणि Total Chlorine असे छापलेले असतात. नळ मिनिटभर वाहू द्या, मग ग्लासात पाणी घ्या, पट्टी बुडवा आणि पाकिटावर दिलेल्या वेळेतच रंग जुळवून बघा, उशीर झाला तर रंग बदलत जातो.

समजा, 15 मार्चला दोन्ही चौकोन लिटरला साधारण 2 मिलिग्रॅम दाखवतात. म्हणजे जे आहे ते सगळं मोकळं क्लोरीन. हे पाणी पातेल्यात दहा मिनिटं उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा पट्टी बुडवा. दोन्ही चौकोन शून्याला टेकलेले दिसतील. मेमध्ये हेच करून बघा. आता नळाच्या पाण्यात एकूण क्लोरीनचा चौकोन 2 च्या आसपास असेल आणि मोकळ्याचा जवळजवळ कोरा, म्हणजे क्लोरामाइन. दहा मिनिटं उकळून गार केल्यावरही एकूणच्या चौकोनाला स्पष्ट रंग येतो. हा फरक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलात की कुणाला विचारावं लागणार नाही.

मग बाराही महिने चालेल असं काय? सक्रिय कोळशाचं फिल्टर. पण इथेही क्लोरीन आणि क्लोरामाइन वेगळे धरायचे. पाण्याच्या साध्या फिल्टर-जगमधला कोळसा क्लोरीन सहज घेतो, क्लोरामाइनला मात्र कोळशाशी जास्त वेळ संपर्क लागतो किंवा त्यासाठी खास बनवलेला कोळसा लागतो. खोक्यावर NSF/ANSI 42 हे मानक लिहिलेलं असतं, पण तेवढ्यावर थांबू नका; त्याखालच्या यादीत Chloramine हा शब्द वेगळा आहे का ते वाचा. नसेल तर ते फिल्टर मार्चपुरतं ठीक आहे. सिंकखाली बसवायची, मोठ्या कार्ट्रिजची फिल्टरं या बाबतीत जगपेक्षा सरस असतात. एक गोष्ट बरेच जण विसरतात: फिल्टरनंतरच्या पाण्यात जंतुनाशक उरत नाही. ते पाणी फ्रिजमध्ये ठेवा, एक-दोन दिवसांत संपवा, आणि कार्ट्रिज सांगितलेल्या मुदतीत बदला.

स्वयंपाकापुरता याहून सोपा उपाय घरातच आहे. क जीवनसत्त्व क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही लगेच निकामी करतं. एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण अडीच मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं, म्हणजे लिटरला 3 मिलिग्रॅम असलं तरी साडेसात मिलिग्रॅम. लिंबू सरबतात एवढं सहज असतं, म्हणूनच सरबताला तो वास येत नाही. इडलीचं पीठ आंबेल का, ही काळजीही सोडा. डाळ-तांदळातले पदार्थ पाण्यातलं एवढंसं क्लोरीन लगेच संपवतात. पीठ फुगत नसेल तर ते स्वयंपाकघरातल्या गारठ्यामुळे, ओव्हनचा दिवा लावून भांडं आत ठेवा.

चहाला मात्र कधीकधी औषधासारखी, डेटॉलच्या अंगाने जाणारी चव येते. रबराच्या नळीतून किंवा नव्या प्लास्टिकच्या केटलमधून उतरणाऱ्या फिनॉलसारख्या पदार्थांशी क्लोरीनची क्रिया झाली की ही चव तयार होते, आणि ती उकळून जात नाही. पाणी थेट नळाचं घ्या आणि स्टीलच्या पातेल्यात चहा करून बघा. चव गेली तर दोष केटलचा किंवा नळीचा.

घरात फिशटँक असेल तर उकळलेल्या पाण्यावर भरवसा ठेवू नका. क्लोरामाइन माशांच्या कल्ल्यांतून थेट रक्तात जातं आणि मासे मरतात. दुकानातून क्लोरामाइनही निष्प्रभ करतं असं स्पष्ट लिहिलेलं औषध घ्या. कुणाचं घरी डायलिसिस चालू असेल तर ही बाब त्यांच्या केंद्राशी बोलून यंत्रणेतूनच सोडवावी लागते. पिण्यात काही अडचण नाही, पण डायलिसिसमध्ये पाण्याचा रक्ताशी जवळून संबंध येतो.

शेवटचं, शहराकडून पाणी उकळून पिण्याची सूचना आली तर वरचं सगळं बाजूला ठेवा. 2021 च्या फेब्रुवारीतल्या बर्फाळ थंडीत ह्यूस्टन, ऑस्टिनसह टेक्ससभर अशा सूचना निघाल्या होत्या. तेव्हा प्रश्न जंतूंचा असतो. खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा आणि झाकून गार करा. पाण्याला क्लोरीनचा वास येत असला तरी सूचना उठेपर्यंत न उकळता पिऊ नका, आणि फ्रिजमधून येणारं पाणी व बर्फही वापरू नका, कारण फ्रिजमधलं कोळशाचं फिल्टर जंतू अडवत नाही.