माझ्या अडखळण्याची स्टोरी

मीटिंगमध्ये मी बोलताना अडखळतो. ऑफिसमधल्या एकाने त्याचा चोरून व्हिडिओ काढला, मागे कोंबड्याचा आवाज लावला आणि इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकली. मला ती दिसत नव्हती, माझ्यापासून लपवलेली होती. शेजारच्या टेबलवरच्या ताईंनी स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा कळलं.

तोच घेऊन एचआरकडे गेलो आणि तिथेच फसलो. कडा कापलेल्या, त्यामुळे अकाउंटचं नावच नव्हतं. "हे कुणी टाकलं कशावरून?" प्रश्न रास्त होता.

स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून ताईंना पुन्हा गाठलं. त्यांनी फोन डू नॉट डिस्टर्बवर टाकला, नाहीतर वर घरच्यांचे मेसेज दिसले असते. मग स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करून आधी कॅलेंडर उघडलं, कारण स्टोरीवर नुसतं "6h" दिसतं, तारीख नाही. पुढे त्याचं प्रोफाइल, मग पूर्ण स्टोरी आवाजासकट. प्रोफाइलची लिंकही कॉपी केली. फाइल मी स्वतःला मेल केली, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओची क्वालिटी कमी होते.

एवढं झाल्यावरच तीन टिंबांवरून रिपोर्ट केलं. आधी केलं असतं आणि स्टोरी उडाली असती, तर हातात काय राहिलं असतं?

एचआरला तारीख, वेळ, लिंक असं चार ओळींत लिहून दिलं. ताईंचं नाव त्यांना विचारूनच घातलं. त्याला मी एकही मेसेज केला नाही. (टाइप मात्र तीनदा केला.) एचआरसमोर त्याने "गंमत होती" म्हटलं, मूळ क्लिप फोनमधून काढली आणि लेखी माफी दिली. ऑफिसात अजून दोघं मला बघून हसतात.