घरच्या नॅसपर्यंत बाहेरून व्हीपीएनने पोहोचताना या चुका टाळा

जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप बनावटीचे नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेले फायली साठवण्याचे डबे, गाठले, त्यांवरील फायली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी ०.०३ बिटकॉइनची मागणी केली. त्या वेळी कंपनीने ग्राहकांना राउटरवरील पोर्ट फॉरवर्डिंग आणि नॅसवरील यूपीएनपी बंद करण्यास सांगितले होते. अनेक जण व्हीपीएन बसवतात आणि पहिली सूचना पाळतात, पण दुसरी विसरतात. यूपीएनपी चालू असेल, तर आपण हाताने काढून टाकलेले पोर्ट नॅस राउटरला सांगून स्वतःच पुन्हा उघडू शकतो. म्हणून राउटरच्या पानावर फॉरवर्डिंगची यादी आणि यूपीएनपीची यादी अशा दोन्ही याद्या पाहाव्यात. दोन्ही मिळून एकच ओळ उरली पाहिजे आणि ती व्हीपीएनच्या यूडीपी पोर्टची असली पाहिजे. नॅसच्या पानाच्या पोर्टला ५००१ ऐवजी ४८२३१ असा आडवळणाचा क्रमांक दिल्याने काही साधत नाही, कारण चाचपणी करणारे प्रोग्राम सगळेच क्रमांक ठोठावून पाहतात.

या लेखातील मांडणी अशी आहे: घरात रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वायरगार्ड हे व्हीपीएन चालते, नॅस त्याच राउटरला जोडलेला आहे आणि बाहेरून फोन किंवा लॅपटॉप जोडायचा आहे. वायरगार्ड निवडण्याचे कारण साधे आहे. ओळखीच्या किल्लीशिवाय आलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे ठोठावणाऱ्याला तिथे दार आहे हेही कळत नाही.

बटण चालू आहे म्हणजे जोडणी झाली, असे मानणे

वायरगार्डचा हाच मौनी स्वभाव दुरुस्तीच्या वेळी आपल्याला छळतो. फोनवरील बटण चालू केले की अ‍ॅप जोडणी सक्रिय असल्याचे दाखवते; घरचा पाय बंद असला, पत्ता चुकीचा असला, तरीही तेच दाखवते. त्यामुळे पाहायचे ते बटण नव्हे, तर शेवटचा हँडशेक, म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांच्या किल्ल्या पटवून घेणे, केव्हा झाला ही नोंद. पायवर ती अशी पाहता येते:

```
sudo wg show
```

येथे त्या फोनच्या किल्लीखाली `latest handshake` ही ओळ नसेल, तर पॅकेट घरापर्यंत पोहोचतच नाही किंवा किल्ली जुळत नाही. अशा वेळी नॅसच्या सेटिंगमध्ये हात घालणे व्यर्थ आहे. ओळ असेल आणि वेळ दोन-तीन मिनिटांच्या आतली असेल, तर दाराशी सारे ठीक आहे आणि दोष आत कुठेतरी आहे. शोधाची ही विभागणी आधी करावी. माझा बहुतेक वेळ पूर्वी ती न केल्यानेच वाया गेला आहे. ही चाचणी फोनचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरच करावी. घरच्या वायफायवरून केलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही.

हँडशेक कधीच होत नसेल, तर राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचा, पत्ता पाहावा आणि तो बाहेरच्या संकेतस्थळाला दिसणाऱ्या आपल्या पत्त्याशी ताडून घ्यावा. दोन्ही वेगळे असतील आणि वॅनचा पत्ता `100.64` ते `100.127` या पट्ट्यातला असेल, तर सेवादात्याने अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे. याला सीजीनॅट म्हणतात आणि आपल्याकडे तो सर्रास आढळतो. अशा घरात पोर्ट फॉरवर्डिंग कितीही अचूक केले, तरी बाहेरचे पॅकेट आपल्या राउटरपर्यंत येत नाही. मग स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घ्यावा, किंवा भाड्याच्या लहान सर्व्हरशी पायनेच आतून जोडणी करावी, किंवा पोर्ट न उघडता उपकरणे जोडणारी टेलस्केलसारखी सेवा वापरावी. वॅनचा पत्ता `192.168` ने सुरू होत असेल, तर बहुधा सेवादात्याच्या फायबरच्या डब्यामागे आपला दुसरा राउटर लावलेला असतो; तेथे डबा ब्रिज मोडवर टाकून घ्यावा.

घर आणि पाहुण्यांचे घर यांचा पत्ता एकच असणे

ही चूक सर्वांत फसवी आहे. गेल्या दिवाळीत मी नाशिकला सासुरवाडीच्या वायफायवरून पुण्यातल्या घरचा नॅस उघडू पाहत होतो. हँडशेक चाळीस सेकंदांपूर्वीचा दिसत होता, तरी नॅसचे पान काही उघडेना. मोबाइल डेटावर मात्र ते लगेच उघडले. शेवटी घरचा राउटर तपासावा म्हणून `192.168.1.1` टाइप केले, तर समोर भलत्याच कंपनीचे लॉगिन पान आले. तो सासऱ्यांच्या कपाटावरचा राउटर होता. दोन्ही घरे `192.168.1.0/24` याच पट्ट्यात होती. त्यामुळे `192.168.1.50` म्हणताच लॅपटॉप पुण्याचा नॅस सोडून त्याच खोलीत त्या क्रमांकाचे यंत्र शोधत बसला होता. काही संगणकांवर याउलट व्हीपीएनचा मार्ग वरचढ ठरतो आणि मग नॅस सापडतो, पण शेजारचा प्रिंटर नाहीसा होतो.

तात्पुरता उपाय म्हणून लॅपटॉपच्या `AllowedIPs` मध्ये, म्हणजे व्हीपीएनमधून न्यायच्या पत्त्यांच्या यादीत, पूर्ण पट्ट्याऐवजी `192.168.1.50/32` लिहावे, कारण अधिक नेमका मार्ग आधी निवडला जातो. कायमचा उपाय मात्र घरचा पट्टाच बदलणे हा आहे. मी `192.168.73.0/24` केला. तो बदलताना राउटरमधील फॉरवर्डिंगची ओळ पायच्या नव्या पत्त्याकडे वळवण्याचे हमखास राहून जाते आणि मग हँडशेकही बंद पडतो. बदलानंतर लॅपटॉपची फाइल अशी दिसते:

```
[Interface]
PrivateKey = <लॅपटॉपची खाजगी किल्ली>
Address = 10.8.0.3/32

[Peer]
PublicKey = <पायची सार्वजनिक किल्ली>
Endpoint = ghar.example.net:51820
AllowedIPs = 192.168.73.0/24
PersistentKeepalive = 25
```

उत्तराला परतीची वाट न देणे

हँडशेक होतो, पायचा `192.168.73.10` हा पत्ता पिंगला उत्तर देतो, पण नॅस गप्प असतो. अशा वेळी प्रथम पायवर `net.ipv4.ip_forward` चे मूल्य 1 आहे याची खात्री करावी. ते असेल, तर पायवर ही आज्ञा चालू ठेवून लॅपटॉपवरून नॅस उघडून पाहावा:

```
sudo tcpdump -ni eth0 host 192.168.73.50
```

नॅसकडे जाणारी पॅकेटे दिसत असतील आणि परत येणारी दिसत नसतील, तर दोनच शक्यता उरतात. एक म्हणजे नॅसच्या फायरवॉलमध्ये फक्त घरच्या पट्ट्याला परवानगी आहे आणि व्हीपीएनच्या `10.8.0.0/24` या पट्ट्याला नाही. दुसरी म्हणजे नॅस उत्तर देतो, पण `10.8.0.3` कुठे आहे हे ठाऊक नसल्याने ते राउटरकडे सोपवतो आणि राउटरलाही तो पत्ता माहीत नसतो. राउटरमध्ये `10.8.0.0/24` साठी `192.168.73.10` कडे जाणारा स्थिर मार्ग लिहिला की हा प्रश्न सुटतो. ज्या राउटरमध्ये ती सोय नसते, तेथे पायवर मास्करेड लावावे, म्हणजे पुढे जाणाऱ्या पॅकेटांवर पायचाच पत्ता लागतो. मात्र मग नॅसच्या नोंदींमध्ये प्रत्येक जण पायच्याच पत्त्याने आलेला दिसतो.

जोडणी कधी लागते, कधी तुटते, आणि घरातला दुसरा फोन बंद केला की सुरळीत चालते, असे होत असेल, तर दोन उपकरणांवर एकच फाइल चिकटवलेली असते. वायरगार्ड एका किल्लीला एकच उपकरण समजते आणि ज्याचे पॅकेट शेवटी आले त्याच्याकडे उत्तरे पाठवते. प्रत्येकाला स्वतंत्र किल्ली आणि `10.8.0.` मधला स्वतंत्र पत्ता द्यावा. मग एखादा फोन रिक्षात राहिला, तर पायवरचा फक्त त्याचा `[Peer]` हा भाग काढून वायरगार्ड पुन्हा सुरू केले की काम होते; बाकीच्यांच्या फायलींना हात लावावा लागत नाही.