पगारवाढीने हातातला पगार घटतो? स्लॅबच्या हिशेबात या चुका टाळा

दारव्हा-आर्णीकडच्या शाळांत जानेवारी-फेब्रुवारीत टॅक्सचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "काहून घेता भाऊ बढती? वरच्या स्लॅबात गेलं की सारा पैसा टॅक्समंदीच जाते!"

हा हिशेबच मुळात चुकीचा आहे. वरचा दर सगळ्या उत्पन्नाला लागत नाही, फक्त त्या टप्प्यात गेलेल्या रकमेला लागतो.

समजा, एका ज्येष्ठ शिक्षकाचा पगार वर्षाला 16,55,000 आहे. 75,000 स्टँडर्ड डिडक्शन गेल्यावर करपात्र उत्पन्न उरलं 15,80,000. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत पहिले 4 लाख मोकळे, पुढच्या चार-चार लाखांवर 5, 10, 15 आणि 20 टक्के. टॅक्स झाला 20,000 + 40,000 + 57,000 = 1,17,000.

आता 40,000 ची वाढ मिळाली आणि उत्पन्न 16,20,000 झालं. स्टाफरूममधला हिशेब असा असतो: आधी 15 टक्क्यांनी 2,37,000, आता 20 टक्क्यांनी 3,24,000, म्हणजे 87,000 चा फटका! प्रत्यक्षात वाढीतल्या पहिल्या 20,000 ला 15 टक्के आणि उरलेल्या 20,000 ला 20 टक्के लागतात. टॅक्स वाढला 7,000 ने, 4 टक्के सेस धरून 7,280 ने. हातात आले 32,720.

यातला 20 टक्के हा सीमांत दर, म्हणजे शेवटच्या रुपयावरचा. एकूण टॅक्स सेससकट 1,28,960, करपात्र उत्पन्नाच्या जेमतेम 8 टक्के. हा प्रभावी दर. "मी 20 टक्क्यांत आहो" म्हणणाऱ्याला सहसा हा दुसरा आकडा माहीतच नसतो.

मग फेब्रुवारीत पगार खरंच कमी का येतो? वाढ किंवा डीएची थकबाकी वर्षाच्या मध्ये जमा झाली की वर्षभराचा वाढीव टॅक्स उरलेल्या दोन-तीन महिन्यांतच कापला जातो. एका महिन्याची स्लिप पाहून ओरडू नका. फॉर्म 16 वरून दोन्ही वर्षांचा पगार वजा टॅक्स असा आकडा काढून ताडून पाहा.

एक कोपरा मात्र खरा आहे, पण त्यात दोष स्लॅबचा नाही, सवलतीचा आहे. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे टॅक्स शून्य. 12,10,000 झाले तर स्लॅबने 61,500 निघतात, पण दिलाशाच्या तरतुदीमुळे वरच्या 10,000 एवढाच टॅक्स लागतो. त्यावर सेस 400, म्हणून 400 रुपये खरोखर कमी पडतात. जुन्या प्रणालीत 5 लाखांच्या काठावर असा दिलासा नाही: 5,10,000 वर सेससकट 15,080 भरावे लागतात, म्हणजे 10,000 जास्त कमावून हातात 5,080 कमी. तिथे असाल तर 80C खाली आणखी 10,000 पीपीएफमध्ये 31 मार्चच्या आत टाका, टॅक्स पुन्हा शून्यावर येतो. अर्थात 80C ची दीड लाखाची मर्यादा अजून भरलेली नसेल तरच.