तीन माल विकताय आणि ब्रेक-इव्हन चुकतोय? या चुका टाळा

आमच्या शेजारच्या वहिनींचा वेंगुर्ल्यात छोटा गाळा आहे, कोकम सिरप, आंबापोळी आणि काजूगर विकतात. एप्रिलात मला म्हणाल्या, "भावजी, हिशोबाने ८९४ नग विकले की खर्च सुटायला हवा होता, मी ९०० विकले तरी दहा हजार कमी पडतायत, असं कसं?" जितक्या विक्रीला सगळा खर्च सुटतो, नफा नाही आणि तोटाही नाही, तोच ब्रेक-इव्हन. वही बघितली तर विक्री बरोबर, खर्च बरोबर, चूक फक्त सरासरीत होती. आणि ही चूक आपल्याकडे जवळपास सगळेच करतात म्हणून नीट लिहितोय.

त्यांचे आकडे असे. सिरपची बाटली ११० ला जाते, कोकम, साखर, बाटली, लेबल मिळून ८० लागतात, म्हणजे प्रत्येक बाटलीमागे ३० रुपये उरतात. आंबापोळीचं पाकीट ९० ला, खर्च ६५, उरतात २५. काजूचं पाकीट ३०० ला, खर्च २२०, उरतात ८०. हे जे उरतं त्याला कॉन्ट्रिब्युशन म्हणायचं, यातूनच महिन्याचा फिक्स्ड खर्च भरून निघतो. गाळ्याचं भाडं ९,०००, दोन बायकांचा पगार २६,०००, फ्रीझर आणि लाइटचं ठरलेलं ५,२००, एकूण ४०,२००.

वहिनींनी काय केलं, ३०, २५ आणि ८० ची बेरीज करून तीनने भागलं, ४५ आले. ४०,२०० भागिले ४५, झाले ८९४ नग. पण या सरासरीत काजूचं एक पाकीट आणि सिरपची एक बाटली सारख्याच संख्येने विकली जाते असं धरलंय, आणि दुकानात तसं होतच नाही. त्यांच्याकडे दहा नग गेले की त्यात ६ बाटल्या सिरप, ३ पाकिटं आंबापोळी आणि काजूचं फक्त एक असतं.

म्हणून त्या दहा नगांची एक टोपली समजा. टोपलीतून मिळणार ६ गुणिले ३०, म्हणजे १८०, आंबापोळीचे ७५ आणि काजूचे ८०, एकूण ३३५. दहाने भागलं की नगामागे ३३.५०, हेच वेटेड कॉन्ट्रिब्युशन. ४०,२०० ला ३३.५० ने भागा, १२०० नग येतात. त्यात ७२० बाटल्या, ३६० आंबापोळी आणि १२० काजू. उलटं करून तपासा, २१,६०० अधिक ९,००० अधिक ९,६००, बरोबर ४०,२००. ही उलट तपासणी मी प्रत्येक वेळी करतो, दोन मिनिटं लागतात आणि गडबड असेल तर तिथेच दिसते. वहिनींच्या ९०० नगांतून ३०,१५० च येत होते, म्हणून १०,०५० चा खड्डा.

दुसरी चूक जरा लपलेली असते. प्रमाण नगांचं घ्यायचं की रुपयांचं? गल्ल्यात बघितलं तर सिरपचे ५४ टक्के, आंबापोळीचे २२ आणि काजूचे २४ टक्के पैसे येतात, कारण काजू महाग. हे टक्के घेऊन नगामागचे ३०, २५, ८० गुणले तर ४०.९० येतात आणि ९८३ नगच पुरतील असं वाटतं, साफ चुकीचं. नगाचं कॉन्ट्रिब्युशन असेल तर नगांचंच प्रमाण लावा. रुपयांत उत्तर हवं असेल तर टोपलीच्या ३३५ ला टोपलीच्या विक्रीने, म्हणजे १,२३० ने भागा, साधारण २७.२४ टक्के. त्याने ब्रेक-इव्हन विक्री येते १,४७,६०० रुपये, आणि १२० टोपल्या गुणिले १,२३० केलं तरी तेच येतं.

आणि किंमत धरताना छापील एमआरपी धरू नका. स्टॉलवाल्याचं कमिशन जात असेल तर हातात येणारीच रक्कम घ्या, नाहीतर काजूचे ८० कागदावरच राहतात.

सगळ्यात जास्त नडतो तो पावसाळा. हे अख्खं गणित ६:३:१ हे प्रमाण टिकेल यावर उभं आहे. जूनमध्ये पर्यटक आटले की काजूला गिऱ्हाईक नसतं, समजा दहात ७ सिरप आणि ३ आंबापोळी असं झालं, तर नगामागे २८.५० च उरतात आणि ब्रेक-इव्हन १४११ नगांवर जातो. त्या महिन्यात १२०० विकून वहिनी निवांत बसल्या तर ३४,२०० च येतील, ६,००० अंगावर. एकूण नग पुरे झाले, भाव आणि खर्च तेच आहेत, तरी पैसे कमी पडतायत, असं दिसलं की आधी प्रमाण बघा. बिलबुकातून तिन्हींचे नग वेगळे मोजा, नवीन टोपली मांडा आणि पुन्हा भागाकार करा. वहिनींना मी आता मे आणि जुलै अशी दोन वेगळी पानं करून दिलीयत.