अल्कलिनिटी काढताना: ब्युरेटचं दुसरं रीडिंग

अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद; फिनॉल्फ्थॅलिनचा रंग जाईपर्यंतची ती P, मिथिल ऑरेंजपर्यंतची एकूण ती T. या दोन आकड्यांवरून कार्बोनेट आणि बायकार्बोनेट काढायचा पाच ओळींचा तो तक्ता पाठ करू नका. माझ्या सीनियर्सनी मला तोच दिला होता, आणि त्याच्या भरवशावर मी बरेच दिवस चुकीचं कार्बोनेट लिहीत होते.

दुपारी भरलेलं हिरवट तळ्याचं पाणी घ्या. 100 मिली पाणी, 0.02 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग 1.2 मिलीला गेला, म्हणजे pH 8.3 पर्यंत आलं. त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज टाकून पुढे गेलात आणि pH साधारण 4.5 ला पिवळ्याचं नारिंगी झालं, तेव्हा ब्युरेटवर 24.6. या मापात 1 मिली म्हणजे लिटरला 10 मिग्रॅ, CaCO₃ च्या हिशेबात. P 12, T 246.

आता सापळा. पहिल्या टप्प्यात 12, दुसऱ्यात 234. मग कार्बोनेट 12 आणि बायकार्बोनेट 234, असंच वाटतं ना? पण 8.3 ला कार्बोनेट संपत नाही, त्याचं बायकार्बोनेट होतं. म्हणजे कार्बोनेटने आपलं अर्धंच आम्ल घेतलेलं असतं. उरलेलं अर्धं ते दुसऱ्या टप्प्यात, मुळातल्या बायकार्बोनेटच्या गर्दीत मिसळून घेतं. म्हणून कार्बोनेट दोन P, म्हणजे 24. बायकार्बोनेट T वजा दोन P, म्हणजे 222. शिवाय T शून्यापासून मोजायचा, गुलाबी गेल्यापासून नाही.

चुकीच्या जोडीचीही बेरीज 246 च येते, त्यामुळे कॅटायन-अनायन ताळाही बिनबोभाट जुळतो. चूक पकडतो तो pH मीटर. 25 अंशांना pH 10.33 ला कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचे रेणू सारखे असतात. pH एकाने उतरला की कार्बोनेट बायकार्बोनेटच्या दहाव्या हिश्श्यावर येतं. आपल्या 24 आणि 222 चे रेणू मोजले तर 0.24 आणि 4.44 मिलिमोल, साधारण अठरास एक, म्हणजे pH 9 च्या आसपास. 12 आणि 234 धरलं तर pH 8.7 असायला हवा होता. म्हणून टायट्रेशनआधी pH लिहून ठेवाच. एक्सेल शीट हे काम करत नाही.

बाकी घाबरण्यासारखं काही नाही. पहिल्या टप्प्यात आम्ल थेंबाथेंबाने सोडा आणि फ्लास्क हळू फिरवा, नाहीतर थेंब पडेल तिथे कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि P बिघडतो. बोअरचं पाणी उघड्या बाटलीत ठेवलंत तर हा वायू उडून pH चढतो आणि नसलेला P दिसू लागतो. T मात्र बाटलीत पांढरा साका बसेपर्यंत हलत नाही. म्हणून बाटली काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी टायट्रेट करा.

आयन म्हणून लिहायचं असेल तर 222 ला 1.22 ने गुणा, 271 मिग्रॅ बायकार्बोनेट. 24 ला 0.6 ने, 14.4 मिग्रॅ कार्बोनेट. तक्त्याच्या डोक्यावर कुठलं एकक आहे ते लिहा.