फाइल सर्व्हरवर रॅन्समवेअर: मॅनेजमेंटला रिपोर्ट देताना या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत रॅन्समवेअर आलं की दोन दिवस धावपळ होते आणि तिसऱ्या दिवशी डायरेक्टर विचारतात, "रिपोर्ट कुठंय?" मग आयटीतला कुणीतरी तरुण मुलगा जुन्या कंपनीतला टेम्प्लेट काढतो, नावं बदलतो आणि संध्याकाळपर्यंत बारा पानं तयार करतो. असे रिपोर्ट तपासायला माझ्याकडे येतात. व्हायरस वेगवेगळे असतात, रिपोर्टमधल्या चुका मात्र त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेळेची. अंबडच्या एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. फाइल सर्व्हरवर सात शेअर होते, त्यातले स्टोअर, परचेस आणि ड्रॉइंग असे तीन एन्क्रिप्ट झाले. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: मंगळवारी १८:४२ ला स्टोअर क्लार्कच्या अकाउंटवरून व्हीपीएन लॉगिन झालं, रात्री ००:५० ला एन्क्रिप्शन सुरू झालं. प्लांट हेडनी ते वाचलं आणि म्हणाले, "पावणेसातला हा घरून लॉगिन करून काय करत होता?" एचआरने कारणे दाखवा नोटीस टाइपसुद्धा करून ठेवली. तो बिचारा साडेसहाला गेटवर पंच करून निघाला होता आणि पावणेसातला पाथर्डी फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला होता.

मी फायरवॉलची सेटिंग उघडून पाहिली. घड्याळ यूटीसीवर. १८:४२ मध्ये साडेपाच तास मिळवले की ००:१२ होतात, आणि तारीखही मंगळवारची बुधवार होते. म्हणजे लॉगिन आणि एन्क्रिप्शन यांच्यात सहा तास नव्हतेच, ३८ मिनिटं होती. क्लार्कचा पासवर्ड कुणीतरी वापरला होता, आणि व्हीपीएनला ओटीपी लावलेला नव्हता. नोटीस फाडली गेली, पण त्या माणसाने चार दिवस काय सोसलं ते रिपोर्ट लिहिणाऱ्याला विचारून उपयोग नाही.

घड्याळ तपासायची माझी सवय साधी आहे. एकच घटना दोन लॉगमध्ये शोधायची. इथे व्हीपीएनने जो आयपी दिला, त्याच आयपीवरून स्टोअरच्या पीसीवर रिमोट डेस्कटॉपने लॉगिन झाल्याची ४६२४ नंबरची नोंद होती, टाइप १०, वेळ ००:१३. एकीकडे १८:४२, दुसरीकडे ००:१३. साडेपाच तासांचा फरक आपोआप उघडा पडला. अजून एक खोच आहे. इव्हेंट व्ह्यूअर वेळ स्थानिक दाखवतो, पण तीच नोंद एक्सएमएलमध्ये पाहिली तर `SystemTime` यूटीसीत असतो. म्हणून टाइमलाइनच्या वर मी पहिली ओळ लिहितो: सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेत, अमुक लॉगच्या वेळा ५ तास ३० मिनिटं मिळवून बदलल्या आहेत. यूटीसीत साडेसहानंतरची प्रत्येक संध्याकाळ आपल्याकडे दुसरा दिवस असतो, हे तर मी पेनने लिहून मॉनिटरला चिकटवलंय.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे "संसर्ग फक्त फाइल सर्व्हरपुरता मर्यादित होता" हे वाक्य. बऱ्याचदा सर्व्हरला संसर्ग झालेलाच नसतो. एन्क्रिप्शन चालतं कुठल्यातरी पीसीवर, आणि त्या युजरला ज्या शेअरवर लिहायची परवानगी आहे तेवढे शेअर नेटवर्कवरून खराब होतात. सर्व्हर फॉरमॅट करून बॅकअप टाकला आणि तो पीसी तसाच राहिला, तर पुन्हा तोच खेळ. वरच्या केसमध्ये तिन्ही शेअर नेमके स्टोअर क्लार्कच्या परवानगीतले होते आणि सर्व्हरचा सी ड्राइव्ह धडधाकट होता, यावरूनच शंका यायला हवी होती. खात्री करायला खंडणीच्या चिठ्ठीचा मालक बघायचा:

```
Get-Acl "D:\Shares\Store\*.txt" | Select-Object Path, Owner
```

चिठ्ठी ही नवी फाइल असते, म्हणून ती ज्या अकाउंटने टाकली त्याचं नाव येतं. एन्क्रिप्ट झालेल्या फाइलचा मालक बघून फसू नका, त्यावर जुनंच नाव राहू शकतं. आणि अकाउंट अ‍ॅडमिन असेल तर नुसतं `BUILTIN\Administrators` येतं, तेव्हा हा उपाय संपला. मग लॉगिनच्या नोंदी चाळत बसायचं. घाईत पीसी आधीच फॉरमॅट केला असेल तर त्या नोंदीही गेल्या. "काम लवकर सुरू व्हावं म्हणून केलं सर" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही.

रिपोर्टमध्ये मी "आटोक्यात आलं" एवढंच लिहीत नाही. असं लिहितो: "शेवटची फाइल ०१:३४ ला एन्क्रिप्ट झाली. स्टोअरचा पीसी सकाळी ८:१० ला नेटवर्कवरून काढला. त्यानंतर एकही फाइल बदललेली नाही. ४१ पैकी ३६ मशीन तपासली, पाच बंद आहेत, ती तपासल्याशिवाय नेटवर्कला जोडणार नाही." डायरेक्टरला यातून कळतं की किती खात्री आहे आणि काय बाकी आहे. पाच मशीन लपवून "शंभर टक्के सुरक्षित" लिहिणाऱ्याची गंमत सहाव्या दिवशी होते.

"डेटा चोरीला गेला नाही" हे वाक्यही तसंच. पुरावा दिसला नाही आणि घडलं नाही, यात फरक आहे. त्या कारखान्याची अपलोड लाइन २० एमबीपीएस होती. त्या ३८ मिनिटांत जास्तीत जास्त पावणेसहा जीबीच बाहेर जाऊ शकतं, आणि तिन्ही शेअर मिळून ३८० जीबी होते. म्हणजे सगळं गेलं नाही, पण निवडक ड्रॉइंग जाऊ शकली. सहा तासांचा चुकीचा हिशोब धरला असता तर हाच आकडा ५५ जीबीच्या आसपास गेला असता. शिवाय फायरवॉलकडे फक्त नऊ दिवसांचे लॉग शिल्लक होते. त्याआधी कुणी येऊन गेलं का, ते सांगता येत नाही, असं मी स्पष्ट लिहिलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, त्यामुळे ती ओळ लिहिताना मालकांचा चेहरा पडला. पडू द्या.

त्याच निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं असतं. कधी कळवलं ती वेळ रिपोर्टमध्ये टाका. उशीर झाला असेल तर उशिराचीच वेळ टाका.

बॅकअपबद्दल "रिस्टोअर झाला" लिहून थांबू नका. कुठल्या तारखेचा, आणि त्यानंतरचं किती काम हातातून गेलं, हे परचेसवाल्यांना विचारून लिहा.

कारण म्हणून "युजरच्या चुकीमुळे" लिहिलं तर रिपोर्ट परत पाठवतो.

आणि हा रिपोर्ट त्याच फाइल सर्व्हरवर सेव्ह करू नका. हसू नका, एकाने केला होता, तोही परचेसच्या शेअरमध्ये.